लॉजमध्ये उरणाऱ्या साबणाचं काय करायचं?

प्रश्न: पुणे स्टेशनजवळ आमचं २४ खोल्यांचं लॉज आहे. रोज चेकआउटनंतर अर्धवट वापरलेले साबण आणि शांपूच्या बाटल्या कचऱ्यात जातात, बघून जीव हळहळतो. हे साबण वितळवून परत वड्या पाडता येतील का? पुण्यात कोणी गोळा करून नेतं का?

उत्तर: वड्या पाडता येतात, पण त्या दुसऱ्या गेस्टच्या बाथरूममध्ये ठेवण्याजोग्या होत नाहीत. आणि गोळा करणाऱ्याला एका लॉजचा साबण न्यायला यायचं भाडं सुटत नाही. पुण्यातल्या छोट्या हॉटेलांचं हाउसकीपिंग बरीच वर्षं बघत आल्यामुळे माझं मत असं झालंय की आधी उरणारा साबण निम्म्यावर आणायचा आणि मग उरेल तो लॉजमध्येच साफसफाईला संपवायचा. क्रम उलटा केला तर दोन्ही फसतं. का ते सांगते.

आधी अंदाज बांधू. आकडे मी धरलेत, तुमचे वेगळे असतील. २४ पैकी सरासरी १५ खोल्या लागतात आणि रोज ११ चेकआउट होतात असं धरू. प्रत्येक खोलीत अंघोळीचे २० ग्रॅमचे दोन आणि बेसिनवर १५ ग्रॅमचा एक, म्हणजे ५५ ग्रॅम साबण ठेवला जातो. एका रात्रीत दोन माणसांची अंघोळ आणि हात धुणं मिळून साधारण १५ ग्रॅम झिजतो. उरले ४० ग्रॅम. अकरा खोल्यांचे झाले ४४० ग्रॅम, महिन्याचे तेरा किलो. ठेवता त्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश साबण तुम्ही टाकताय.

आता स्वतःचा आकडा काढा. दोन आठवडे पेंट्रीत तीन डबे ठेवा. पहिल्यात न उघडलेले पण वेष्टन भिजलेले साबण, दुसऱ्यात एकदोनदाच वापरलेले, तिसऱ्यात झिजून चिपटी झालेले. रोज संध्याकाळी तिन्ही वजन करून वहीत टिपा. फक्त एकूण वजन घेऊ नका, कारण तिन्ही डब्यांचं औषध वेगळं आहे.

पहिला डबा बहुतेक ठिकाणी मालकाला चक्रावून टाकतो. साबण कागदी घड्यांच्या वेष्टनात असतो आणि रूम बॉय तो बेसिनच्या कडेला मांडतो. गेस्टने तोंड धुतलं की शिंतोडे उडून कागद भिजतो, सुकल्यावर सुरकुततो. साबण कोरा असतो, पण तो दुसऱ्या गेस्टला ठेवला तर ‘वापरलेला दिला’ अशी तक्रार येते, म्हणून मुलं तो टाकतात. टाकतात म्हणजे बऱ्याचदा घरी नेतात. त्यावर चिडू नका. नाहीतर पुढच्या महिन्यात वहीतले आकडे खोटे यायला लागतील. साबण बाथरूममध्ये ठेवूच नका. खोलीतल्या टेबलावर, टॉवेलच्या घडीशेजारी छोट्या ट्रेमध्ये ठेवा. गेस्टला लागला तर तो नेतो, नाही लागला तर वेष्टन कोरडं राहतं आणि तोच साबण पुढच्याला चालतो. एवढ्याने पहिला डबा जवळपास रिकामा होतो.

दुसऱ्या डब्यामागे दोन कारणं असतात. एक म्हणजे रोज साबण बदलायची सवय. गेस्ट तीन रात्री राहणार असला तरी चादर बदलताना मुलं उघडलेला साबण उचलून नवा ठेवतात. उघडलेला साबण चेकआउटपर्यंत हलवायचा नाही, अगदीच चिपटी झाली तरच नवा द्यायचा, असं स्पष्ट सांगा. दुसरं कारण बेसिनवरची वडी. एका रात्रीत ती दोनतीन ग्रॅम झिजते आणि बाकीची वाया जाते. तिथे भिंतीवर हँडवॉशचा डिस्पेन्सर बसवला की तो साबण बंदच करता येतो.

अंघोळीचे साबण मात्र दोन राहू द्या. आपल्याकडे एका खोलीत दोन सहकारी उतरतात, मुलाच्या ॲडमिशनला वडील आणि काका येतात, दवाखान्याच्या कामाला पेशंटचे नातेवाईक येतात. दुसऱ्याचा साबण अंगाला लावायला कोणी तयार नसतं. एकच ठेवलात तर दुसरा मागायला रिसेप्शनला फोन येणार आणि तो पोचवायला एक माणूस अडकणार. त्यापेक्षा वडी लहान करा. २० ऐवजी १५ ग्रॅमची घ्या. १० ग्रॅमची घेऊ नका. ती ओल्या हातात तुटते, मग गेस्ट दोन उघडतो आणि तुकडे जाळीत जातात. दोनतीन रात्री राहणारे जास्त असतील तर २० ग्रॅमचीच ठेवा. लग्नाचं वऱ्हाड उतरलं असेल त्या दिवसांचे आकडे सरासरीत धरू नका, तो हिशोब निराळाच असतो.

आता तोच हिशोब पुन्हा करा. बेसिनचा साबण गेला, अंघोळीचे १५ ग्रॅमचे दोन राहिले, म्हणजे खोलीमागे ३० ग्रॅम. हात धुणं डिस्पेन्सरवर गेल्याने झीज १२ ग्रॅमवर आली. उरले १८ ग्रॅम, रोजचे दोनशेच्या आतबाहेर, महिन्याचे सहा किलो. तेही ओलसर वजन. सुकल्यावर चार-पाच किलो भरेल. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डिस्पेन्सरबद्दल थोडं थांबून बोलते, कारण इथेच लोक पैसे घालवतात. छोट्या बाटल्या जगभर बंद होत चालल्यात. कॅलिफोर्नियात तर २०२३ पासून पन्नासहून जास्त खोल्यांच्या आणि २०२४ पासून सगळ्याच हॉटेलांना त्या खोलीत ठेवायला कायद्याने मनाई आहे. ते वाचून आपल्याकडचे मालक एकदम सगळ्या खोल्यांत डिस्पेन्सर लावतात आणि चार महिन्यांत काढून टाकतात. तक्रारी ठरलेल्या असतात: शांपू पाण्यासारखा आहे, आंबूस वास येतो, पंप अडकतो.

कारण भरण्याच्या पद्धतीत असतं. शांपू किंवा हँडवॉश पाच लिटरच्या कॅनमधून येतो. त्यात जिवाणू वाढू नयेत म्हणून ठरावीक प्रमाणात परिरक्षक घातलेलं असतं. कॅन लवकर संपू नये म्हणून, किंवा पंपातून नीट येत नाही म्हणून, मुलं त्यात पाणी घालतात. पाणी घातलं की परिरक्षक पातळ होतं आणि जिवाणूंना मोकळं रान मिळतं. शिवाय बहुतेक शांपूंना घट्टपणा मिठाच्या नेमक्या प्रमाणामुळे आलेला असतो. त्यामुळे थोडं पाणी घातलं तरी तो एकदम सळसळीत होतो आणि गेस्टला लगेच कळतं. दुसरी वाईट सवय म्हणजे अर्धा उरलेल्यावर नवीन ओतत राहणं. तळाशी महिनोन्‌महिने जुना माल राहतो, त्याची बुरशी पंपाच्या नळीत चढते.

म्हणून नियम एकच: वरून भर घालायची नाही. डिस्पेन्सर संपत आला की भिंतीवरून काढायचा, उरलेलं ओतून टाकायचं, गरम पाण्याने पंपासकट धुवायचा, पालथा घालून पूर्ण सुकवायचा आणि मगच भरायचा. यासाठी दर चार खोल्यांमागे एक जास्तीची बाटली पेंट्रीत हवी, म्हणजे एक सुकत असताना दुसरी लावता येते. एवढं जमणार नसेल तर सीलबंद पाऊच बसणारे डिस्पेन्सर घ्या. महाग पडतात, पण त्यात कोणाला पाणी घालता येत नाही. किल्लीने बंद होणारेच घ्या. उघड्या तोंडाच्या बाटलीत आधीच्या गेस्टने काय घातलं असेल, ही शंका लोकांना येते आणि ती चुकीची नाही. तपासणी सोपी आहे. आठवड्यातून एकदा चार खोल्यांत पंप दाबून थेंब बोटावर घ्या आणि कॅनमधला थेंब शेजारच्या बोटावर. जो आधी ओघळतो त्यात पाणी आहे.

अंघोळीच्या साबणाऐवजीही डिस्पेन्सर लावावा का? हे तुमच्या बाथरूमवर अवलंबून आहे. शॉवरखाली उभं राहून अंघोळ करणाऱ्याला बॉडीवॉश चालतो. पण स्टेशनजवळच्या लॉजात निम्म्याहून जास्त लोक बादली-मग घेऊन स्टुलावर बसतात, आणि डिस्पेन्सर असतो शॉवरच्या उंचीला. ओल्या अंगाने उठून दोन थेंब घ्यायचे, परत बसायचं, हे कोण करणार? मग साबण मागायला फोन येतो. लावायचाच असेल तर बादलीच्या नळापासून बसल्या जागी हात पोचेल इतक्या उंचीवर लावा. माझा सल्ला असा की सध्या अंघोळीला वडीच राहू द्या. वर्षभर बेसिनचा डिस्पेन्सर मुलं नीट सांभाळतात का बघा, मग पुढचं ठरवा.

आता तिसरा डबा, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न. मोठ्या प्रमाणावर साबण पुन्हा वापरात आणणाऱ्या संस्था आहेत. अमेरिकेत ऑरलँडोला २००९ मध्ये ‘क्लीन द वर्ल्ड’ सुरू झाली. आपल्याकडे मुंबईत ‘सुंदरा’ने हॉटेलांचा साबण गोळा करून गरजू वस्त्यांत वाटण्याचं काम केलंय. पद्धत साधारण सारखी असते. साबण निवडायचा, वरचा थर तासून काढायचा, निर्जंतुक करायचा, दळायचा, बारीक जाळीतून दाबून केस आणि कागद वेगळे करायचे. मग प्लॉडर नावाच्या यंत्रातून प्रचंड दाबाखाली त्याची सलग कांडी काढायची, कापायची आणि ठसा मारायचा. लक्षात घ्या, यात साबण कुठेच ‘वितळवलेला’ नाही. कारखान्यात दळून-दाबून केलेला अंघोळीचा साबण आच दिली तरी पातळ होत नाही. पाणी घालून शिजवला तर शिऱ्यासारखा गाठाळ गोळा होतो. तो साच्यात भरला तर दिसायला वडी होते, पण पुढच्या काही आठवड्यांत आतलं पाणी उडून ती आकसते, वाकडी होते, तडकते. पारदर्शक ग्लिसरीन साबण तेवढा खरोखर वितळतो, आणि लॉजमध्ये तो सहसा नसतो.

कायद्याचा भागही आहे. अंगाला लावायचा साबण आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत येतो. विकायला किंवा वाटायला तो बनवायचा तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. फुकट वाटणार म्हणून सुटका होत नाही. त्यामुळे ‘लॉजमध्येच वड्या पाडून आश्रमाला देऊ’ हा विचार सोडून द्या.

साफसफाईसाठी स्वतःपुरती साबणाची पेस्ट करायला मात्र काही अडचण नाही. अशी करा. गोळा करतानाच केस, रक्ताचा डाग किंवा घाण चिकटलेले तुकडे बाजूला काढून टाका. बाकीचे पाण्याखाली धरून वरचा थर चोळून काढा आणि प्लॅस्टिकच्या जाळीवर सावलीत चारपाच दिवस वाळवा. हातमोजे घालूनच. वाळलेला साबण जुन्या खिसणीवर किसा. एक किलो किसाला तीन लिटर गरम पाणी घालून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी मंद आचेवर ढवळत गाठी मोडेपर्यंत शिजवा. भांडं स्टीलचंच हवं आणि अर्धंच भरायचं, कारण फेस भसकन वर येतो. स्वयंपाकघरातलं भांडं घेऊ नका. शेवटी शंभर ग्रॅम धुण्याचा सोडा थोड्या गरम पाण्यात विरघळवून घाला. सोडा ॲल्युमिनियम खातो, म्हणून ॲल्युमिनियमचं पातेलं चालत नाही. थंड झाल्यावर मऊ पेस्ट होते. झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डब्यावर ‘फक्त सफाईसाठी’ असं ठळक लिहा. एका वेळी आठवड्यापुरतीच करा. पावसाळ्यात तुकडे वाळत नाहीत, चिकट होतात; तेव्हा वाळवण्याच्या नादी न लागता ओलेच तुकडे करून पाण्यात टाका आणि पाणी कमी घाला.

ही पेस्ट मॉप, फडकी, पायपुसणी, कचऱ्याच्या बादल्या आणि प्लॅस्टिकची स्टुलं धुवायला उत्तम. फरशी पुसायला वापरू नका, साबणाचा थर राहून घसरडं होतं. गेस्टच्या टॉवेलला तर मुळीच नको. साबण धाग्यात अडकला की टॉवेल पाणी शोषत नाही आणि पिवळा पडतो, आणि लाँड्रीवाला तुमच्याच नावाने खडे फोडतो. टॉयलेटच्या ॲसिडसोबतही वापरू नका. ॲसिडने साबण फुटतो, तेलकट साय वर येते आणि काहीच स्वच्छ होत नाही.

यश-अपयश मुख्यतः पाण्यावर ठरतं. खडकवासल्याचं, पालिकेच्या नळाचं पाणी मऊ असतं, त्यात ही पेस्ट छान फेसाळते. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा त्यातल्या कॅल्शियमशी संयोग होऊन पांढरा साका बसतो, आणि धुतलेलं फडकंच कडक होतं. काचेच्या बाटलीत अर्धं पाणी घ्या, चिमूटभर किस टाका आणि जोरात हलवा. वर फेस आणि खाली बऱ्यापैकी नितळ पाणी राहिलं तर पाणी मऊ. फेस न येता दुधाळ पाणी आणि तरंगते कण दिसले तर जड. जड पाण्यात आधी बादलीभर पाण्याला एक चमचा धुण्याचा सोडा घालून पाच मिनिटं थांबा, मग पेस्ट घाला. तरीही कण दिसले तर त्या पाण्यात हा उद्योग करू नका.

आता मघाचा आकडा आठवा. महिन्याला चार किलो सुक्या साबणाची पेस्ट साधारण सोळा किलो होते, म्हणजे रोज अर्धा किलो. २४ खोल्यांच्या लॉजात मॉप आणि पायपुसण्यांना ती खपते. आधीच्या तेरा किलो ओलसर साबणाची केली असती तर पस्तीस-चाळीस किलो झाली असती आणि डबे गच्चीवर पडून सडले असते. आधी कपात करा म्हणते ती यासाठीच.

पेस्टची कटकट नको असेल तर गल्लीतल्या चारपाच लॉजवाल्यांना एकत्र करा. सगळ्यांचा वाळवलेला साबण एका ठिकाणी जमला तर महिन्याला वीसेक किलो होतो, आणि मग एखाद्या संस्थेला फोन करण्यात अर्थ आहे. विचारायचं एवढंच: फक्त वडी घेता की पातळही, वेष्टन काढलेलं हवं का, कमीत कमी किती किलो लागतो आणि वाहतूक कोणाकडे. तोंडी नको, लिहून घ्या.

शांपूच्या अर्धवट बाटल्यांचं थोडक्यात. उरलेला शांपू दुसऱ्या बाटलीत ओतून गेस्टला द्यायचा नाही. तो एका कॅनमध्ये जमवून कंगवे, बादल्या, बेसिन धुवायला वापरा, जड पाण्यातही तो साबणासारखा फुटत नाही. बाटल्या विसळून, बूच वेगळं करून कोरड्या कचऱ्यात द्या. आत शांपू असलेली बाटली भंगारात कोणी घेत नाही, आणि कचरा वेचणाऱ्या ताईंना ती उघडून हात बरबटवायला लावणंही बरोबर नाही. दाढीचं ब्लेड असेल तर कागदात गुंडाळून, वर लिहून वेगळं द्या.

टूथब्रश, दाढीचं किट, कंगवा खोलीत ठेवणं बंद करा आणि रिसेप्शनला मागेल त्याला द्या. शांघायमध्ये २०१९ पासून हॉटेलांनी अशा सहा वस्तू न मागता देऊ नयेत असा नियमच आहे. खोलीत मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एका ओळीचं कार्ड लावा: ‘ब्रश, दाढीचं किट लागल्यास रिसेप्शनला सांगा, विनामूल्य मिळेल.’ ‘विनामूल्य’ हा शब्द नसेल तर ऑनलाइन रिव्ह्यूत ‘साधा ब्रशही देत नाहीत’ असं येणार. किटमध्ये प्लॅस्टिकच्या काडीचे कान कोरायचे बड असतील तर तो जुना स्टॉक काढून टाका, १ जुलै २०२२ पासून त्यांवर देशभर बंदी आहे. तुमच्याकडे तारांकित दर्जा असेल तर मात्र काही काढण्याआधी त्या दर्जासाठी लागणाऱ्या वस्तूंची यादी तपासा.

तुमचं पाणी नळाचं आहे की टँकरचं, आणि चादरी-टॉवेल घरीच धुता की बाहेर देता, हे कळवलंत तर पेस्टचं प्रमाण तुमच्यापुरतं नेमकं सांगता येईल. दोन आठवड्यांचे तीन डब्यांचे आकडेही टाका. पहिल्या डब्यात तिसऱ्यापेक्षा जास्त वजन निघालं तर पेस्ट, डिस्पेन्सर सगळं बाजूला ठेवून आधी ट्रे विकत घ्या.